शंकेचे प्रश्न सोडले, खात्रीचे चुकले

आदरणीय सर,
मी यंदा नीटसाठी रिपीट करते आहे आणि लातूरला खोली घेऊन राहते. दर रविवारी पूर्ण चाचणी असते. सहाव्या चाचणीत मी १७४ प्रश्न सोडवले. १३१ बरोबर, ४३ चूक, गुण ४८१. क्लासमधले सर म्हणाले, निगेटिव्हमुळे तुझे गुण जातात, शंका आली की प्रश्न सोडून दे. म्हणून सातव्या चाचणीत ३२ प्रश्न सोडले. १४८ पैकी १२१ बरोबर, २७ चूक, आणि गुण झाले ४५७. चुका कमी होऊनही गुण कमी कसे झाले? जीवशास्त्र माझे पक्के आहे, भौतिकशास्त्र कच्चे. चुकलेले प्रश्न उत्तरांसह वहीत उतरवते, तीन वह्या भरल्या, तरी त्याच चुका पुन्हा होतात. दोन्ही पुस्तिका आणि ओएमआरच्या प्रती सोबत पाठवते आहे. काय करू?
– एक विद्यार्थिनी, लातूर

प्रिय विद्यार्थिनी,

तू पुस्तिका पाठवल्यास हे फार बरे केलेस. नुसत्या गुणांवरून मला काहीही सांगता आले नसते. पुस्तिकेच्या समासात तू केलेली आकडेमोड आणि ओएमआरची प्रत शेजारी ठेवल्यावर मात्र बरेच काही दिसले. दोन संध्याकाळी मी त्या दोन पुस्तिका घेऊन बसलो होतो. जे दिसले ते क्रमाने लिहितो.

आधी तुझा सरळ प्रश्न. दोन चाचण्यांची वजाबाकी करून पाहा. सातव्या चाचणीत १६ चुका कमी झाल्या, म्हणजे १६ गुण वाचले. पण त्याबरोबर १० बरोबर उत्तरेही गेली आणि त्यांचे ४० गुण गेले. चाळिसातून सोळा गेले की २४ उरतात आणि ४८१ व ४५७ यांच्यातला फरकही नेमका तेवढाच आहे. तू या वेळी २६ प्रश्न जास्त सोडलेस. दोन्ही प्रश्नपत्रिका सारख्याच कठीण होत्या असे क्षणभर धरले, तर त्या २६ पैकी १० तुला येत होते, किंवा अंदाजाने का होईना, जमत होते. दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांची तुलना कधीच काटेकोर नसते, त्यामुळे हा आकडा दोन-चारने इकडेतिकडे असेल. पण दिशा स्पष्ट आहे.

नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा १ जातो आणि रिकाम्या प्रश्नाला शून्य असते. याचा अर्थ असा की पाच प्रश्नांत एक बरोबर आणि चार चूक आले, तरी हिशेब बरोबरीत सुटतो: ४ मिळाले, ४ गेले. पाचात एकाहून अधिक बरोबर येत असतील, तर ते प्रश्न सोडवण्यात फायदा आहे. कमी येत असतील, तर तोटा. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले आणि उरलेल्या दोनांत मन दोलायमान असले, तर अशा १० प्रश्नांत ५ बरोबर येण्याची अपेक्षा ठेवता येते, म्हणजे २० मिळतात आणि ५ जातात. ‘शंका आली की सोड’ हा सल्ला या १५ गुणांवर सरळ पाणी सोडतो. तुझ्या सरांचा हेतू वाईट नव्हता. ऋण गुणांची धास्ती आपल्याकडे इतकी खोल गेली आहे की १ गुण जाण्याचे दुःख ४ गुण न मिळण्याच्या दुःखापेक्षा मोठे वाटू लागते.

मग अजिबात काही येत नसलेल्या प्रश्नावरही डोळे मिटून गोळा भरावा का? सरासरीचा हिशेब हो म्हणतो, पण अगदी हळू आवाजात. चार पर्यायांतून आंधळेपणाने निवडले, तर १२ प्रश्नांत ३ बरोबर येतील आणि १२ मधून ९ वजा जाऊन हाती ३ गुण उरतील. पण ही झाली सरासरी. प्रत्यक्ष एकाच परीक्षेत १२ पैकी दोन किंवा त्याहून कमी बरोबर येण्याची, म्हणजे तोटा होण्याची, शक्यता दहात जवळजवळ चार इतकी असते. त्यामुळे आंधळ्या अंदाजाला मी ना औषध मानतो ना विष. त्यावर वेळ घालवू नये, एवढेच. खरा प्रश्न मधल्या प्रश्नांचा आहे, जिथे तुला अर्धे माहीत असते. त्याकडे मी नंतर येतो, कारण त्याआधी तुझ्या पुस्तिकेत त्याहून मोठे भगदाड दिसले.

सातव्या चाचणीत तू शंकेचे सगळे प्रश्न सोडलेस. म्हणजे जे २७ चुकले, ते सगळे तुला खात्रीचे वाटले होते. पत्र वाचताना मी याच ठिकाणी थांबलो. शंकेच्या प्रश्नावरची चूक, तो सोडण्याच्या तुलनेत, १ गुणाला पडते. येणाऱ्या प्रश्नावरची चूक मात्र ५ गुणांना पडते, कारण हक्काचे ४ मिळत नाहीत आणि वर १ जातो. सगळी चर्चा त्या एका गुणाची होते आणि चार गुण कुठे गेले हे कोणी विचारत नाही.

या २७ प्रश्नांची विषयवार वाटणी तुला अनपेक्षित वाटेल. जीवशास्त्रात १५ चूक आहेत, भौतिकशास्त्रात ७ आणि रसायनशास्त्रात ५. जीवशास्त्राचे प्रश्न इतर दोन विषयांच्या दुप्पट असतात हे खरे, पण जो विषय तुझा पक्का आहे त्यातच निम्म्याहून अधिक चुका आहेत. भौतिकशास्त्र कच्चे आहे ही तक्रारही खोटी नाही. तिथे १७ प्रश्न रिकामे आहेत. मात्र तो वेगळा आजार आहे आणि त्याला वेगळे औषध लागेल. येत नाही म्हणून रिकामे राहणे आणि येत असून चुकणे या दोन गोष्टी एका वहीत एकाखाली एक लिहिल्या, की दोन्हींचा अर्थ हरवतो.

प्रत्येक चुकीशेजारी तुझी आकडेमोड पाहून मी कारण लिहीत गेलो. प्रकरणाचे नाव लिहिले नाही, हाताने काय केले ते लिहिले. सात ठिकाणी प्रश्न वाचण्यात चूक झाली आहे. पाच ठिकाणी रीत बरोबर असून आकडेमोड किंवा अट चुकली आहे. चार चुका गोळे भरताना झाल्या आहेत. आठ ठिकाणी दोन जवळच्या गोष्टींची अदलाबदल झाली आहे. खरोखर माहीत नसलेले, पण माहीत आहे असे वाटलेले प्रश्न फक्त तीन निघाले. पहिल्या तीन प्रकारांची बेरीज १६ होते. म्हणजे ८० गुण अशा प्रश्नांवर गेले, जे सोडवण्यासाठी तुला एकही नवे पान वाचायचे नव्हते. हे सगळे ८० परत मिळतील असे मी म्हणणार नाही. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेत काही चुका प्रत्येकाच्या हातून होतात. निम्मे मिळाले तरी पुष्कळ आहे.

वाचण्यातली चूक कशी दिसते ते तुझ्याच पानावरून दाखवतो. भौतिकशास्त्रात एक प्रश्न होता: स्थिर अवस्थेतून सोडलेली वस्तू चौथ्या सेकंदात किती अंतर कापेल? गुरुत्व त्वरण १० धरायचे होते. तू समासात सुबक अक्षरांत चारचा वर्ग १६, त्याला ५ ने गुणून ८० मीटर असे लिहिले आहेस आणि ८० चा पर्याय निवडला आहेस. ८० मीटर हे चार सेकंदांतले अंतर आहे. चौथ्या सेकंदात कापलेले अंतर म्हणजे चार सेकंदांतल्या ८० मधून तीन सेकंदांतले ४५ वजा केले की उरणारे ३५. गणित तुला येत होते. एक शब्द डोळ्यांखालून निसटला. आता हे बघ की ८० हा आकडा पर्यायांत होताच. प्रश्न काढणारा माणूस तुझी चूक आधी करून बघतो आणि तिचे उत्तर पर्यायांत ठेवतो. ‘माझे उत्तर पर्यायांत सापडले, म्हणजे ते बरोबर असणार’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे. मी भौतिकशास्त्र शिकवीत असताना स्वतः असे पर्याय घातले आहेत, त्यामुळे ही बाब मला चांगली ठाऊक आहे.

वाचण्याच्या सात चुकांपैकी उरलेल्यांतली एक भौतिकशास्त्रातली आणि पाच जीवशास्त्रातल्या आहेत. त्या पाचांतल्या चार ‘अयोग्य विधान ओळखा’ किंवा ‘कोणते विधान बरोबर नाही’ अशा प्रश्नांवर झाल्या आहेत. चारही ठिकाणी तू पहिले बरोबर विधान दिसताच त्यावर थांबली आहेस. पुस्तिकेच्या कोपऱ्यात तू वेळा लिहिल्या आहेत, ही सवय सोडू नकोस, कारण त्यावरून कारण उलगडते: जीवशास्त्राचे ९० प्रश्न तू ४२ मिनिटांत संपवले आहेस. एका प्रश्नाला २८ सेकंद झाले. भौतिकशास्त्रासाठी वेळ वाचवायचा म्हणून तू पक्क्या विषयात धावलीस आणि वाचवलेली मिनिटे नंतर दोन अशा गणितांवर घालवलीस, ज्यांची आकडेमोड अख्खे पान व्यापते आणि ज्यांचे उत्तर शेवटी रिकामेच आहे. जीवशास्त्राला आणखी दहा मिनिटे दे. विधानांच्या प्रश्नात प्रत्येक विधानापुढे पेनाने ‘ब’ किंवा ‘चू’ असे लिहिल्याशिवाय गोळ्याकडे जायचे नाही, आणि पर्याय वाचण्याआधी प्रश्नातला ‘नाही’, ‘अयोग्य’, ‘चौथ्या’ असा कळीचा शब्द अधोरेखित करायचा. याला चार-पाच सेकंद लागतात.

अट चुकण्याचा नमुना रसायनशास्त्रात आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०⁻⁸ मोलर द्रावणाचा पीएच विचारला होता. तू सूत्र लावून ८ लिहिलेस आणि पुढे गेलीस. आम्लाच्या द्रावणाचा पीएच ७ च्या वर असूच शकत नाही. द्रावण कितीही विरळ केले तरी ते अल्कधर्मी होणार नाही. इतक्या विरळ द्रावणात पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन मोजावे लागतात आणि उत्तर ७ च्या किंचित खाली, ६.९८ च्या आसपास येते. ‘माझे उत्तर आम्लाला शोभते का?’ एवढे विचारले असतेस, तर सूत्र विसरली असतीस तरी ८ हा पर्याय बाद झाला असता. या प्रकारच्या पाच चुकांपैकी चारांमध्ये उत्तराकडे असे एकदा बघणे पुरले असते: एकदा एकक चुकले आहे, दोनदा चिन्ह, एकदा हा पीएच. पाचवी निव्वळ गुणाकाराची चूक आहे. ती सोडून दे.

गोळ्यांचे प्रकरण मला सर्वांत आधी दिसायला हवे होते, पण ते शेवटी सापडले. प्रश्न १३८ ते १४१ सलग चूक आहेत. सलग चार चुका दिसल्या, की आधी प्रकरणाचा अभ्यास कच्चा आहे असे वाटते. तुझ्याही वहीत त्या ‘आनुवंशिकी पुन्हा करणे’ अशा शेऱ्याखाली गेल्या असतील. मी पुस्तिकेत तू गोल केलेली उत्तरे आणि ओएमआरवरचे गोळे ओळीने ताडून पाहिले. पुस्तिकेत १३८ रिकामा आहे, कारण तो तू सोडला होतास. ओएमआरवर मात्र १३८ च्या ओळीत १३९ चे उत्तर आहे, १३९ च्या ओळीत १४० चे, पुढे १४१ चे आणि मग १४२ चे; १४२ ची ओळ रिकामी आहे. तिथे पुस्तिकेचे पान संपते, नवे पान १४३ पासून सुरू होते आणि तिथून पुन्हा सगळे जागेवर आहे. पुस्तिकेतली १३९ ते १४२ ही चारही उत्तरे बरोबर आहेत. म्हणजे एका सोडलेल्या प्रश्नाने २० गुण नेले: न मिळालेले १६ आणि वजा झालेले ४.

हे ओळखण्याची खूण लक्षात ठेव. सलग चुका दिसल्या, की तुझे उत्तर पुढच्या किंवा मागच्या प्रश्नाच्या उत्तराशी जुळते का ते पाहायचे. तसे ओळीने जुळत असेल, तर अभ्यास कच्चा नाही, ओळ घसरली आहे. सहाव्या चाचणीत फक्त ६ प्रश्न सोडले होते आणि त्यात असे एकदाही झालेले नाही. प्रश्न जितके जास्त सोडशील, तितक्या ओळी ओलांडाव्या लागतात आणि तितकी घसरण्याची संधी वाढते. निगेटिव्ह वाचवायला केलेल्या उपायाने असे निगेटिव्ह आणले. नीटच्या खऱ्या ओएमआरवर पेनाने भरलेला गोळा बदलता येत नाही, म्हणून हा धोका परीक्षेच्या दिवशी सुधारता येणार नाही. पुस्तिकेचे एक पान सोडवून झाले, की त्या पानाचे गोळे भर. सोडलेल्या प्रश्नाच्या क्रमांकाला पुस्तिकेत मोठा चौकोन कर. आणि प्रत्येक पानाचा शेवटचा क्रमांक ओएमआरच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघ. सगळे गोळे शेवटी एकदम भरणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या शेवटच्या दहा मिनिटांविषयी न लिहिलेले बरे.

आठ अदलाबदलींपैकी सहा जीवशास्त्रात आहेत आणि तुझ्या वहीचा उपयोग इथे झाला पाहिजे होता. तुझ्या पत्रावरून वहीची रीत कळते: प्रश्न उतरवायचा, खाली बरोबर उत्तर लिहायचे. अर्धसूत्री विभाजनात जनुकीय विनिमय कोणत्या उपअवस्थेत होतो, या प्रश्नाला तू झायगोटिन लिहिले आहेस. बरोबर उत्तर पॅकीटिन आहे. सहाव्या चाचणीतही डिप्लोटिनच्या एका प्रश्नावर तू झायगोटिनच लिहिले होतेस. वहीत दोन्ही वेळा बरोबर उत्तर उतरवले गेले असणार, तरी तिसऱ्यांदा हेच होईल, कारण झायगोटिन म्हणजे काय हे वहीत कुठेच लिहिलेले नाही. चुकलेल्या प्रश्नाखाली बरोबर उत्तर लिहून थांबू नकोस. तू निवडलेला पर्याय ज्या प्रश्नाचे उत्तर ठरेल, तो प्रश्न लिही. ‘समजात गुणसूत्रांच्या जोड्या कधी लागतात? झायगोटिन.’ त्याखाली ‘विनिमय कधी होतो? पॅकीटिन.’ आणि ‘व्यत्यासिका कधी स्पष्ट दिसू लागतात? डिप्लोटिन.’ टेस्टोस्टेरॉन कोणत्या पेशी स्रवतात, याला तू सर्टोली लिहिलेस. तिथे ‘शुक्रजनक पेशींचे पोषण कोण करते? सर्टोली’ असे आधी लिही आणि मग लेडिग लिही. चुकीच्या पर्यायाला त्याचे घर मिळाले, की तो दुसऱ्याच्या घरात शिरत नाही. तीन वह्यांतून अशा जोड्या वेगळ्या काढल्यास, तर माझ्या अंदाजाने चार-पाच पानांत मावतील. उरलेला मजकूर बाजूला ठेवला तरी चालेल.

आता राहिले ते मधले प्रश्न, ज्यांत अर्धे माहीत असते. त्यांच्याविषयी सर्वांना लागू पडेल असा नियम नाही, पण तुला लागू पडणारा नियम तू तीन चाचण्यांत स्वतः शोधू शकतेस. पुस्तिकेत प्रश्न क्रमांकाशेजारी, उत्तर ठरवता क्षणीच, एक खूण कर: खात्री असेल तर बरोबरची खूण, दोन पर्यायांत अडकली असशील तर टिंब, काहीच येत नसेल तर शून्य. टिंबाच्या प्रश्नांचे गोळे या तीन चाचण्यांत भरायचेच. शून्याच्या प्रश्नांचे भरू नकोस, पण मनात आलेला पर्याय पुस्तिकेत लिहून ठेव. त्यामुळे एकही गुण न गमावता तुझे अंदाज कसे लागतात ते कळेल. खुणा नंतर करायच्या नाहीत. उत्तरसूची पाहिल्यावर प्रत्येकाला आपली शंका आठवते, आणि बरोबर आलेल्या उत्तराबाबत तर आपण आधीपासून ठाम होतो असेच वाटते. खुणा फक्त पुस्तिकेवर. ओएमआरवर एकही भलती रेघ नको.

तीन चाचण्यांत चाळीसएक टिंबे जमतील. एका चाचणीतल्या १२ टिंबांवरून निष्कर्ष काढू नकोस, तेवढ्यात नशिबाचा खेळ फार असतो. चाळिसांपैकी ८ बरोबर ही बरोबरीची रेघ. १६ ते २० बरोबर आली, तर टिंबाचा प्रश्न कधीही सोडायचा नाही, हे ठरले. मात्र बेरीज चांगली असली तरी प्रकरणवार एकदा नजर टाक. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी येणाऱ्या एका मुलाची सगळी टिंबे मिळून फायद्यात होती, पण असेंद्रिय रसायनातल्या १४ टिंबांत फक्त २ बरोबर होती, म्हणजे ८ मिळून १२ गेले. पाचात एकही नाही! डोळे मिटून निवडले असते तरी साडेतीन आली असती. एखाद्याचा अंदाज आंधळ्याहून वाईट लागतो, तेव्हा तो अंदाज नसतो, तिथे चुकीचे ज्ञान असते. त्याची टिंबे पाहिल्यावर उलगडले: आवर्तसारणीतला प्रत्येक क्रम तो गटात वरून खाली सरळ घटत नेत होता, त्यामुळे इलेक्ट्रॉन स्वीकारताना सर्वांत जास्त ऊर्जा कोणता हॅलोजन बाहेर टाकतो, याला तो दर वेळी फ्लोरीन म्हणे. उत्तर क्लोरीन आहे; फ्लोरीनचा अणू इतका लहान असतो की त्यात येणाऱ्या इलेक्ट्रॉनला आधीच्या इलेक्ट्रॉनांचे प्रतिकर्षण अधिक जाणवते. ते अपवाद त्याने एका कागदावर लिहून काढेपर्यंत त्या प्रकरणापुरते ‘शंका आली की सोड’ हेच त्याच्यासाठी योग्य होते.

खुणांचा दुसरा उपयोग बरोबर आलेल्या प्रश्नांसाठी आहे. टिंब असूनही बरोबर आलेले उत्तर हे अर्धे नशिबाचे असते आणि पुढच्या रविवारी ते चुकू शकते. सहाव्या चाचणीतल्या ४८१ मध्ये असे किती गुण होते, हे आता कळायला मार्ग नाही. म्हणूनच ४८१ हा आकडा मी तुझा खरा आकडा धरला नाही. पुढच्या वेळी चुकलेल्या प्रश्नांबरोबर टिंबाचे बरोबर प्रश्नही तपासायला घे.

सोडलेल्या ३२ प्रश्नांबाबत एक गोष्ट मात्र तुलाच करावी लागेल, पुस्तिका पाहून ती मला सांगता येत नाही. उत्तरे न पाहता, घड्याळ बाजूला ठेवून, ते ३२ प्रश्न एकदा सोडवायला बस. जे शांतपणे सुटतील ते वेळेअभावी गेले होते. त्यांच्यासाठी नवा अभ्यास नको, प्रश्नांचा क्रम बदलायला हवा. जे तरीही सुटणार नाहीत त्यांचीच प्रकरणे पुन्हा वाचायची. भौतिकशास्त्राच्या १७ रिकाम्या प्रश्नांत या दोन्हींचे प्रमाण किती आहे, ते कळल्याशिवाय पूर्ण भौतिकशास्त्र पहिल्यापासून करायला घेऊ नकोस.

पीसीबी गटातून एमएचटी-सीईटीही देणार असशील, तर वरचा सोडण्या-न सोडण्याचा सगळा हिशेब तिथे गैरलागू आहे. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून तिथे शून्याच्या खुणेचा प्रश्नही रिकामा ठेवायचा नाही. नीटच्या धास्तीने सीईटीत प्रश्न कोरे सोडून आलेल्या एका मुलीचे पत्र मला मागे आले होते.

पुढच्या तीन पुस्तिका पाठवशील तेव्हा ओएमआरच्या प्रतीची घडी घालू नकोस. या वेळी घडी नेमकी १६० ते १६५ वर आली आहे आणि त्या सहा ओळी मला भिंग घेऊन वाचाव्या लागल्या.